सर्व व्यवस्था केलेली आहे

पक्षी सप्ताह ५ नोव्हेंबरला सुरू होतो आणि १२ नोव्हेंबरला संपतो. पहिला दिवस मारुती चितमपल्लींच्या जन्माचा, शेवटचा सालिम अलींच्या. या आठवड्यात महाराष्ट्रात पक्ष्यांपेक्षा पक्ष्यांवर बोलणाऱ्यांना मागणी जास्त असते. एरवी वर्षभर ‘दुर्बिणी घेऊन कुठे भटकता हो?’ असं विचारणारी मंडळी या दिवसांत आम्हाला ‘आदरणीय सर’ म्हणू लागतात आणि शालींचा भाव वधारतो.

माझं व्याख्यान पक्ष्यांच्या आवाजांवर असतं. चित्रं दाखवायची, आवाज ऐकवायचे आणि कोण ओरडलं ते श्रोत्यांना ओळखायला लावायचं. नोव्हेंबरात पावशा काही आपणहून ओरडत नाही, त्यामुळे सगळी भिस्त ध्वनिमुद्रणावर. म्हणजे मला सभागृहात अंधार हवा, पडदा हवा आणि मुख्य म्हणजे लॅपटॉपमधला आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला हवा. हे मी आमंत्रणाच्या फोनवर सांगतो. पलीकडून ‘हो हो, ते सगळं होऊन जाईल’ असं उत्तर येतं. मग चार दिवसांनी ईमेल येतो. त्याचा साधारण नमुना असा :

‘आदरणीय सर, सप्रेम नमस्कार. आपले व्याख्यान शनिवार दिनांक ८ रोजी ठीक १२.०० ए.एम. वाजता महाविद्यालयाच्या सेमिनार हॉलमध्ये आयोजित केले आहे. प्रोजेक्टर व माइक उपलब्ध आहे. अपेक्षित उपस्थिती २०० ते २५०. सर्व व्यवस्था केलेली आहे. कृपया पोच द्यावी.’

वेळ, जागा, साधनं, श्रोते. वक्त्याला जे जे कळायला हवं ते सगळं या पाच ओळींत आहे. फक्त त्यातलं काहीही खरं नाही. लिहिणाऱ्याचा हेतू मात्र वाईट नसतो. जे व्हावं असं त्याला मनापासून वाटतं, ते त्याने झालं म्हणून लिहिलेलं असतं.

वेळेपासूनच बघा. १२.०० ए.एम. म्हणजे मध्यरात्र. घुबडांवर बोलायचं असतं तर मी हरकत घेतली नसती. पण हा दोष किरकोळ आहे, कारण दुपारी बारा म्हणायचंय हे शेंबडं पोरही ओळखेल. खरी मेख ‘ठीक’ या अव्ययानंतर सुरू होते. कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे १२ ते १ असा तास असतो आणि तो तास मला एकट्याला दिलाय असा समज मी करून घेतला, तर माझी पंचेचाळीस मिनिटांची तयारी वाया जाते. त्या तासात आधीच्या उद्घाटनाची लांबलेली दहा मिनिटं असतात, कारण अध्यक्षांना ‘दोनच शब्द’ बोलायचे असतात. मग दीपप्रज्वलन उरलेलं असतं, काडेपेटी शोधणं धरून चार मिनिटं. माझा परिचय पाच मिनिटं. तो वाचणाऱ्या प्राध्यापकांच्या हातात तो कागद त्याच क्षणी आलेला असतो, हे त्यांच्या आवाजावरून कळतं. शाल, श्रीफळ, हल्ली गुच्छाऐवजी कुंडीतलं रोप आणि ‘सर, इकडे बघा’ म्हणणारा फोटोग्राफर, अशी आणखी पाच. शेवटी प्रश्नोत्तरं दहा मिनिटं, आभार पाच. बेरीज एकोणचाळीस. साठातून वजा केले की माझ्या वाट्याला एकवीस मिनिटं येतात आणि मी पंचवीस पक्षी घेऊन गेलेला असतो. दयाळाला पाऊण मिनिट. तो स्वतः शीळ घालायला लागला की त्याला यापेक्षा जास्त वेळ लागतो.

म्हणून मी आता उलटटपाली एकच प्रश्न विचारतो : मी पहिलं वाक्य किती वाजता बोलेन आणि शेवटचं किती वाजता? सत्राची वेळ नको, माझी वेळ सांगा. या प्रश्नाने आयोजक दुखावतात. सत्कार मी वेळेत धरत नाही, हे त्यांना अरसिकपणाचं वाटतं.

जागेचंही तसंच. ‘सेमिनार हॉल’ असं लिहिणाऱ्याला आपल्या महाविद्यालयात एकच सेमिनार हॉल आहे असं वाटत असतं. प्रत्यक्षात जुना असतो, नवा असतो आणि एक असा असतो ज्याला पाटीवर ‘दृक्‌श्राव्य कक्ष’ म्हटलंय, पण ज्यात परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवलेत. फाटकावरच्या रखवालदाराला यातलं एकही नाव ठाऊक नसतं. तो विचारतो, ‘कुठला, जेवणाचा का?’ आणि बहुधा त्याचंच बरोबर निघतं.

हॉल सापडला तरी उघडतोच असं नाही. किल्ली एका शिपाईमामांकडे असते आणि शिपाईमामा पाहुण्यांसाठी नारळ आणायला गेलेले असतात. पाहुणा मीच. माझ्या नारळापायी मी पंधरा मिनिटं बंद दाराशी उभा राहतो. आणि ही पंधरा मिनिटं नेमकी ती असतात, ज्यांत लॅपटॉप जोडून बघायचा असतो. कुठल्याही ईमेलमध्ये सभागृहाचं नाव असतं, मजलाही कधीकधी असतो. पण दार किती वाजता उघडेल आणि कोण उघडेल, हे मी फार क्वचित वाचलंय.

आता साधनं. ‘प्रोजेक्टर उपलब्ध आहे.’ छताला टांगलेला प्रोजेक्टर मला दिसतो, त्याबद्दल वाद नाही. त्यातून एक जाड काळी वायर भिंतीवरून उतरून टेबलापर्यंत आलेली असते आणि तिच्या टोकाला निळा, दोन्ही बाजूंना स्क्रू असलेला प्लग असतो. हा व्हीजीए. त्याला पंधरा पिना आणि त्यातली एखादी वाकलेली असली की पडद्यावर सगळ्याला पिवळट नाही तर गुलाबी छटा चढते. माझ्या व्याख्यानातल्या एका खंड्याचा निळा रंग असा उडालेला मी पाहिलाय. श्रोत्यांनी ती दुर्मीळ जात म्हणून वहीत लिहून घेतली.

माझ्या लॅपटॉपला व्हीजीएचं भोकच नाही. हल्ली बहुतेक नव्या लॅपटॉपना नसतं. एचडीएमआय असतं, किंवा तेही नसतं आणि नुसती टाइप-सीची चपटी फट असते. यावर तोडगा म्हणजे कन्व्हर्टर, आणि तो मी खिशात घेऊनच हिंडतो. पण कन्व्हर्टरने चित्र येतं, गंमत पुढेच आहे. व्हीजीएच्या वायरीतून फक्त चित्र जातं, आवाज जात नाही. ती वायर आवाजासाठी बनलेलीच नाही. म्हणजे आवाजासाठी वेगळी वायर लागते, लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून सभागृहाच्या ॲम्प्लिफायरपर्यंत. ही वायर कुठल्याही सभागृहात नसते. गणपतीत ती कुणीतरी मंडळात नेलेली असते.

‘मग एचडीएमआय लावू की, त्यातून आवाजही जातो,’ असं एखादा हुशार विद्यार्थी सुचवतो. तो बरोबर बोलतो. जातो. पण कुठे जातो? एचडीएमआय जोडल्याबरोबर लॅपटॉपला वाटतं, आता आवाजही पलीकडच्या यंत्रातूनच काढायचा. पलीकडचं यंत्र म्हणजे छतावरचा प्रोजेक्टर आणि त्याच्या पोटात एक चिमुकला स्पीकर असतो. स्टेजच्या दोन बाजूंचे ते कपाटाएवढे काळे स्पीकर मुके राहतात आणि माझा तांबट वरच्या पंख्याशेजारून अस्पष्ट ‘टुक टुक’ करू लागतो. एका गावात सबंध सभागृह मान वर करून छताकडे बघत होतं. मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी उठून खिडकी लावून घेतली. त्यांना वाटलं, पाखरू आत शिरलंय.

याला इलाज अगदी साधा आहे. लॅपटॉपच्या आवाजाच्या खुणेवर टिचकी मारायची, आवाज कुठून काढायचा ते तिथे निवडता येतं. प्रोजेक्टरऐवजी लॅपटॉपचा स्वतःचा स्पीकर निवडायचा आणि मग ती हेडफोनची वायर ॲम्प्लिफायरला द्यायची. वायर नसेल तर शेवटचा उपाय म्हणजे माइक लॅपटॉपच्या स्पीकरला चिकटवून धरणे. मी हे केलंय. एका हातात माइक, दुसऱ्या हाताने पक्षी बदलायचा. आणि बोलायचं कशात? तर बोलायचं नाही. आवाजावरचं व्याख्यान आणि वक्ता मुका.

बरं, माइकही एकच आहे का, हे ईमेलात नसतं. असतो तो पोडियमला खिळलेला असतो आणि पोडियम पडद्याच्या दुसऱ्या टोकाला. कॉलरचा माइक असला तर त्यातला सेल उतरलेला असतो. आयोजक म्हणतात, ‘काल चालू होता.’ काल नेमकं कोण बोललं हे मला कधीच कळत नाही, पण माझ्या आदल्या दिवशी सगळीकडे सगळं चालू असतं.

आणि अंधार! आवाजाचं एक वेळ निभावतं, पण दुपारी बाराला पडदे नसलेल्या दक्षिणेच्या खिडक्यांसमोर रातव्याचं चित्र लावून बघा. रातवा हा दिवसा पाचोळ्यात बसला तर पाचोळाच वाटतो. निसर्गाने त्याला दिलेलं लपण्याचं कसब ऊन पडलेल्या पडद्यावर परिपूर्ण होतं : पक्षीही दिसत नाही आणि पाचोळाही. मी म्हणतो, ‘दिवे तरी घालवा.’ कुणीतरी बटण दाबतं आणि दिव्यांबरोबर पंखेही बंद होतात, कारण दोन्हींचं बटण एकच. मग सभागृहाचा कौल घेतला जातो, रातवा हवा का वारा. रातवा आजवर जिंकलेला नाही.

फॉन्टचं फार सांगत नाही, कारण मराठीत स्लाइड करणाऱ्या प्रत्येकाने ते भोगलंय. ‘लॅपटॉप आणू नका सर, नुसता पेनड्राइव्ह आणा, आमच्याकडे कॉम्प्युटर आहे’ अशी ओळ ईमेलात दिसली की समजावं, आपण जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात काही लिहिलं असेल तर तिथे ते इंग्रजी अक्षरं, कंस आणि टक्केवारीच्या चिन्हांत उमटणार. आणि स्लाइडला नुसते जोडलेले आवाज घरच्याच कॉम्प्युटरवर राहिलेले असणार. स्लाइडची पीडीएफ आणि आवाजांच्या फायली वेगळ्या फोल्डरमध्ये नेल्या की निभाव लागतो.

आता शेवटचा आकडा. अपेक्षित उपस्थिती २०० ते २५०. हा आकडा कुठून येतो, हा माझ्या कुतूहलाचा जुना विषय आहे. मी त्याचा माग काढलाय. तो सभागृहाच्या खुर्च्यांतून येतो. हॉल २५० चा म्हणून श्रोते २५०. त्यातून पक्षी सप्ताह बऱ्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीला टेकून येतो किंवा तिच्या पोटातच असतो, आणि त्या काळात महाविद्यालयाच्या आवारात सातभाई सोडले तर गटाने फिरणारं कुणी नसतं.

प्रत्यक्षात चाळीसजण येतात. चाळीस हा मुळीच वाईट आकडा नाही. चाळिसांसमोर आवाज ओळखण्याचा खेळ फार रंगतो. पण ते चाळीसजण अडीचशे खुर्च्यांत बसतात ते शेवटच्या चार रांगांत, दाराच्या जवळ, निसटायला सोपं पडावं म्हणून. पहिल्या रांगेत सोफ्यावर अध्यक्ष आणि एक उपप्राचार्य. मध्ये सत्तर फूट रिकामं मैदान. आणि इथे हा आकडा आधीच्या तिन्ही ओळींना पाडतो. पडद्यावरचं बारीक काही दिसायचं असेल तर बघणारा पडद्याच्या उंचीच्या साधारण सहापटीच्या आत बसलेला बरा, असा एक अंदाज दृक्‌श्राव्यवाले वापरतात. पडदा सहा फूट उंच असला, तर छत्तीस फूट. त्याच्या पलीकडे बसलेल्याला शिंजीर आणि चिमणी एकच. म्हणजे माझी चाळीसही माणसं पडद्याच्या टापूबाहेर आणि टापूच्या आत फक्त सोफा, ज्यावरचे दोघे फोन बघताहेत. हेच चाळीसजण साठ जणांच्या वर्गात बसवले असते, तर छोटा पडदा पुरला असता, माइक लागला नसता आणि लॅपटॉपचा आवाजसुद्धा एका साध्या ब्लूटूथ स्पीकरवर भागला असता. आकडा खरा कळवला असता, तर हॉल, माइक, वायर, पडदा यांतल्या निम्म्या कटकटी जन्मालाच आल्या नसत्या.

पण खरा आकडा आयोजक वक्त्याला सांगत नाहीत. वक्त्याचा अपमान होईल असं त्यांना वाटतं. तो ते केटररला सांगतात. वक्त्यासमोर २५० म्हणणारा माणूस केटररशी बोलताना एकदम भानावर येतो, कारण तिथे ताटाला पैसे पडतात. म्हणून मी आता श्रोते किती असं विचारतच नाही. ‘जेवण आहे का? किती ताटं सांगितलीत?’ असं विचारतो. माझा हावरेपणा दिसतो, पण उत्तर दोन-चार इकडेतिकडे खरं येतं. नुसता चहा असेल तर कपांचा आकडा विचारावा, मात्र त्यातून निसटणारे वजा करावेत.

आकड्यासोबत माणसं कोण, हेही लागतं. अकरावीच्या मुलांना हजेरी लावून बसवलंय, की प्रमाणपत्र हवं असलेले शिक्षक आहेत, की सकाळी स्वतःच दुर्बीण घेऊन निघणारी मंडळी? पहिल्यांना कावळ्यापासून सुरुवात करावी लागते, तिसऱ्यांना कावळा म्हटलं तर राग येतो.

गेल्या वर्षी एका तालुक्याच्या गावच्या वाचनालयाचा ईमेल आला. पाठवणाऱ्या ग्रंथपाल बाई. त्यांना मी पाहिलंही नव्हतं, पण ईमेल वाचून मी तो आधी घरात मोठ्याने वाचून दाखवला. त्यातला मजकूर असा होता :

‘नमस्कार. रविवार, ९ तारीख. सकाळी १०.१० ला आपण बोलायला सुरुवात करावी आणि १०.५५ ला थांबावं. सत्कार शेवटी आहे, म्हणजे तो लांबला तरी आपला वेळ जाणार नाही. त्यानंतर प्रश्न, ११.१५ ला संपवू, कारण ११.३० ला त्याच खोलीत भजनी मंडळ आहे आणि ते थांबत नाहीत. जागा वाचनालयाचा पहिला मजला, जिना बाहेरून, लिफ्ट नाही. किल्ली माझ्याकडेच असते, मी ९ ला येते. प्रोजेक्टर आमचा नाही, शाळेचा आणतो. मी तो काल माझ्या भाच्याच्या लॅपटॉपला लावून पाहिला. एचडीएमआय आहे, वायर पाच मीटर. आवाज प्रोजेक्टरमधूनच येतो आणि तो पुरत नाही. भजनी मंडळाचा स्पीकर मागून ठेवला आहे, त्याला लॅपटॉपची बारीक पिन लागते ती वायर त्यांच्याकडे आहे. खिडक्या पूर्वेच्या, सकाळी ऊन येतं, म्हणून सतरंज्या लावू. श्रोते पंचावन्न धरा. त्यात बावीस शाळेची मुलं, बाकी वाचक, तिघं फक्त चहासाठी येतात पण शांत बसतात. तुम्हाला आणखी काय लागेल ते बुधवारपर्यंत कळवा, गुरुवारी बाजार असतो, सेल वगैरे आणता येतील.’

सर्व व्यवस्था केलेली आहे, असं त्यात कुठेही नव्हतं.

मी पोच पाठवली आणि मला लागणाऱ्या वस्तूंत एक वाढवली : दिवे आणि पंखे यांची बटणं वेगळी आहेत का? दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. ‘एकच होतं. तुमचा ईमेल आल्यावर लक्षात आलं. वायरमन येऊन वेगळं करून गेला, ऐंशी रुपये झाले, ते तुमच्या मानधनातून कापत नाही.’

रविवारी त्रेपन्न माणसं आली. मी मुलांना विचारलं, ‘हा कोण ओरडला?’ आणि चहासाठी आलेल्या तिघांतले एक मागून म्हणाले, ‘पावशा. पण तुमचा उशिरा ओरडलाय, पेरण्या झाल्या.’